सर्दी झाली की चव कुठे जाते?

सर्दीने नाक चोंदलेले असताना जेवायला बसण्याचा प्रसंग तुमच्यापैकी प्रत्येकावर आलेला असेल. ताटात आवडीची भाजी असते, वरणभातावर साजूक तूप असते; पण घास तोंडात घातला की सारे सारखेच लागते. "तोंडाला चवच नाही," असे म्हणून आपण ताट बाजूला सारतो. कुणी वरून मीठ घेतो, कुणी लोणच्याची फोड मागतो. पण हरवलेली चव काही त्याने परत येत नाही.

या तक्रारीत एक मौज आहे. सर्दी झालेली असते नाकाला, आणि तक्रार मात्र आपण करतो तोंडाची! असे का बरे होते? जीभ खरोखरच काम करीनाशी होते काय? की दोष दुसऱ्याच कुणाचा असतो? आज आपण याचा उलगडा करून घेऊ.

सहाही रस जागच्या जागी

आरोपीची आधी चौकशी करावी हे बरे. पुढच्या खेपेस तुम्हाला सर्दी झाली आणि जेवण अगदी बेचव लागू लागले, की आरशासमोर उभे राहा आणि जिभेवर चिमूटभर मीठ ठेवा. ते खारटच लागेल. चूळ भरून साखर ठेवा. ती गोड लागेल. लिंबाचा थेंब आंबट लागेल आणि मेथीचा दाणा चावला तर तो कडूच लागेल. मिरचीचा तुकडा नेहमीइतकाच झोंबेल आणि कच्च्या केळ्याने जीभ नेहमीसारखीच आवळल्यासारखी होईल.

म्हणजे आपल्या परंपरेने सांगितलेले सहाही रस, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट, शाबूत आहेत. यांपैकी गोड, आंबट, खारट आणि कडू या चार चवी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. तिखटपणा ही खरे तर चव नव्हे, ती एक प्रकारची दाहाची जाणीव आहे. म्हणून तर मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला की डोळाही झोंबतो. डोळ्यात काही रुचिकलिका नसतात. तुरटपणात स्पर्शाचा वाटा मोठा असतो. जपानमधील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्रशैवालाच्या सारातून आणखी एका चवीचे मूळ शोधून काढले. 'उमामी' या नावाने ती आता पाचवी मूळ चव म्हणून मानली जाते. तीही सर्दीत टिकून असते.

तेव्हा जीभ निर्दोष सुटली. पण मग हरवले काय? आंबा आणि पेरू दोन्ही गोड. तरी डोळे मिटून खाल्ले तरी आपण ते ओळखतो. हा जो आंब्याचा आंबेपणा, पेरूचा पेरूपणा, फोडणीतल्या हिंगाचा आणि तुपाचा खमंगपणा, तो या यादीत कुठेच बसत नाही. सर्दीत नेमका तोच नाहीसा होतो.

नाकाचा मागचा दरवाजा

जेवताना किंवा पाणी पिताना एकदम हसू फुटले आणि पाणी नाकातून बाहेर आले, असा अनुभव तुम्हाला असेल. तोंडातले पाणी नाकात गेले कोठून? पुढून तर नक्कीच नाही. तोंड आणि नाक ही दोन दालने मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात, एकमेकांना जोडलेली आहेत. म्हणजे नाकाला पुढे दोन नाकपुड्या आहेत, तसा मागेही एक दरवाजा आहे.

या दरवाजाला एक पडदाही आहे. जीभ टाळूवरून मागे मागे नेत गेलात तर टाळू आधी टणक आणि मग मऊ लागते. हा मऊ भाग म्हणजे मृदू तालू. त्याच्याच टोकाला पडजीभ लोंबत असते. आपण घास गिळतो तेव्हा मृदू तालू वर उचलली जाते आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करते. त्या क्षणी श्वासही थांबतो. घास अन्ननलिकेत उतरला की पडदा खाली येतो, वाट उघडते आणि बहुतेक वेळा त्यापाठोपाठ आपण थोडा श्वास बाहेर सोडतो.

हा उच्छ्वास फार महत्त्वाचा आहे. घास चावताना त्यातील सुगंधी पदार्थांचे रेणू बाष्परूपाने मोकळे होतात. तोंडाच्या उबेने त्यांना मदतच होते. गिळल्यानंतर घशाच्या ओल्या भिंतींवर अन्नाचा पातळ लेप राहतो, त्यातूनही हे रेणू निघत असतात. फुप्फुसांतून वर येणारी हवा त्यांना उचलते, मागच्या दरवाजाने नाकात शिरते आणि नाकपुड्यांतून बाहेर पडते. जाता जाता तिचा थोडासा भाग नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर असलेल्या एका अरुंद फटीतून जातो. वास ओळखणाऱ्या पेशी तेथे आहेत. माणसात वासाच्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार असतात. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जिभेच्या पाच चवींशेजारी हे चारशे ग्राहक ठेवून पाहा, म्हणजे जेवणातील विविधता कोठून येते हे ध्यानात येईल.

फूल हुंगताना वास पुढच्या दाराने, आत येणाऱ्या श्वासाबरोबर येतो. जेवताना तो मागच्या दाराने, बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर येतो. या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रज्ञ रेट्रोनेझल, म्हणजे नाकाच्या मागून येणारा, गंध म्हणतात. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात पदार्थाची चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा म्हणजे हा मागून येणारा वासच होय.

तीन पेल्यांचा प्रयोग

हे नुसते वाचून मानू नका, पडताळून पाहा. साधी चाचणी अशी. चमचाभर साखरेत थोडी वेलदोड्याची पूड मिसळा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि मग मिश्रण तोंडात घालून चघळा. श्वास तोंडाने घ्या. नुसती साखर खाल्ल्यासारखे लागेल. फार तर किंचित गारवा जाणवेल. आता तोंड मिटून नाक सोडा आणि श्वास नाकाने बाहेर टाका. वेलदोडा एकदम 'तोंडात' प्रकट होईल.

पण येथे एक शंकेखोर मित्र म्हणेल, "यात वेलदोडा आहे हे तुला आधीच ठाऊक होते, मनाचा खेळ असेल." शंका रास्त आहे. म्हणून प्रयोग जरा काटेकोर करू या. तीन सारखे पेले घ्या. तिन्हींत सारखेच साखरपाणी घाला. पहिला तसाच ठेवा, दुसऱ्यात खाण्याच्या गुलाबपाण्याचे काही थेंब घाला आणि तिसऱ्यात खाण्याच्या केवड्याच्या पाण्याचे. रंगीत अर्क वापरू नका, नाहीतर डोळेच उत्तर सांगून टाकतील. तोंडावर लावायचे गुलाबपाणीही नको. थेंब इतकेच घाला की पाण्याला स्वतःची कडसर चव येणार नाही.

आता एकाने डोळे मिटून नाक धरायचे आणि दुसऱ्याने फासा टाकायचा. १ किंवा २ पडले तर पहिला पेला, ३ किंवा ४ पडले तर दुसरा आणि ५ किंवा ६ पडले तर तिसरा. त्यातला लहानसा घोट द्यायचा. पिणाऱ्याने नाक न सोडता कोणता पेला ते सांगायचे आणि तिसऱ्याने ते लिहून घ्यायचे. दर वेळी साध्या पाण्याने चूळ भरून, पुरेसा वेळ जाऊ देऊन, असे १२ घोट करा. नंतर नाक मोकळे ठेवून आणखी १२ घोट करा.

काही गोष्टींची काळजी घ्या. पेला तोंडाजवळ येण्यापूर्वीच नाक धरलेले हवे, नाहीतर वास पुढच्या दाराने आत शिरेल. नाक धरून गिळताना कानात दडा बसल्यासारखे वाटेल. ते साहजिक आहे, पण घाई करून मोठा घोट घेऊ नका, ठसका लागेल. ज्याला आधीच सर्दी आहे त्याची नोंद वेगळी ठेवा.

निव्वळ अंदाजाने सांगितले तरी तिनात एक, म्हणजे १२ पैकी सरासरी ४ उत्तरे बरोबर येतीलच. म्हणून नाक धरून ४ किंवा ५ बरोबर आली तर "ओळखता आले" असे म्हणू नका. अंदाजाने ८ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र सुमारे पन्नासात एक आहे. तेव्हा नाक धरून ८ च्या वर उत्तरे बरोबर येऊ लागली, तर कोठेतरी वास निसटतो आहे किंवा पाण्याला चव आली आहे असे समजून पेले पुन्हा तयार करा. नाक मोकळे असताना ११-१२ उत्तरे बरोबर यायला हरकत नाही.

दरवाजा उघडा, तरी वास का नाही?

आता एक कूट प्रश्न. चिमटीने आपण नाकाचा पुढचा दरवाजा बंद केला. मागचा तर उघडाच आहे! केवड्याचे रेणू घशात आहेत, वर जाणारी वाट मोकळी आहे. मग ते वर का पोहोचत नाहीत?

दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीत फुंकर मारली तर हवा वाहते. एक टोक बोटाने दाबून दुसऱ्या टोकाने फुंकर मारून पाहा. आत हवा वाहतच नाही, कारण बाहेर पडायला जागा नाही. नाक धरले की नाकाची अशीच बंद नळी होते. श्वास तोंडाने जातो आणि नाकातील हवा जागच्या जागी उभी राहते.

उभ्या हवेतूनही रेणू पसरतातच. यालाच विसरण म्हणतात. खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो, हे उदाहरण तुम्ही वर्गात ऐकले असेल. पण त्यात खरे काम बहुतेक वेळा हवेचे झोत करतात. एकट्या विसरणाची चाल किती मंद असते ते हिशेबानेच पाहू.

विसरणाला लागणारा वेळ असा काढतात: अंतराचा वर्ग करावा आणि त्याला विसरणांकाच्या दुपटीने भागावे. सुगंधी पदार्थांच्या रेणूंचा हवेतील विसरणांक ढोबळमानाने ०.०७ वर्ग सेंटिमीटर प्रति सेकंद असतो. घशाच्या मागच्या भागापासून नाकाच्या माथ्यापर्यंतचे अंतर ७ सेंटिमीटर धरू. सातचा वर्ग ४९, त्याला ०.१४ ने भागले की ३५० सेकंद येतात. म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे! तोवर घोट केव्हाच गिळून झालेला असतो. शिवाय वाटेत नाकाच्या ओल्या भिंती आहेत. त्यांवर आदळलेले बरेच रेणू तेथेच विरघळून अडकतात.

आता नाक मोकळे असताना काय होते ते पाहा. शांतपणे श्वास सोडताना साधारण अर्धा लिटर, म्हणजे ५०० घन सेंटिमीटर हवा दोन सेकंदांत बाहेर पडते. दर सेकंदाला २५०. नाकाच्या दोन्ही पोकळ्यांचे घनफळ मिळून सुमारे २० घन सेंटिमीटर. २० ला २५० ने भागले की ०.०८ सेकंद येते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाकातील सारी हवा बदललेली असते. माथ्याकडच्या फटीतून हवेचा थोडाच भाग जातो आणि तोही सावकाश. त्याला दहापट वेळ लागला असे धरले तरी एक सेकंद पुरे होतो.

एका बाजूला एक सेकंद, दुसऱ्या बाजूला सहा मिनिटे. मागच्या वाटेने येणारा वास हा उच्छ्वासाच्या वाऱ्यावर स्वार होऊन येतो. वारा थांबला की तो घशातच राहतो.

अर्ध्या मिलिमीटरची सूज

सर्दीत नाक कोणी चिमटीत धरलेले नसते. मग वारा कशाने अडतो? सर्दीच्या विषाणूंमुळे नाकाच्या आतील मऊ अस्तराला सूज येते, त्यातील रक्तवाहिन्या फुगतात आणि शेंबूड वाढतो. नाकाचा बोगदा दंडगोल नळीसारखा नसून उभ्या अरुंद फटींचा बनलेला आहे. वास घेणाऱ्या पेशी ज्या फटीत आहेत ती तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची असते.

अरुंद फटीतून हवा संथ वाहत असेल तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. समजा फट २ मिलिमीटर रुंद आहे. तिच्या दोन्ही भिंती प्रत्येकी फक्त अर्धा मिलिमीटर सुजल्या. फट उरली १ मिलिमीटर, म्हणजे निम्मी. प्रवाह मात्र निम्मा उरत नाही. अर्ध्याचा घन एक अष्टमांश, म्हणून तो एक अष्टमांश होतो. फट आणखी निम्मी झाली तर प्रवाह चौसष्टांश! आणि तेवढ्या फटीत शेंबडाचा एक पडदा आडवा आला की सारेच संपले. नाक म्हणजे काही गुळगुळीत भिंतींची सरळ फट नव्हे, त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत. पण थोड्या सुजेने एवढा मोठा परिणाम का होतो हे त्यांवरून नीट कळते.

यातूनच आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. कधी कधी सर्दी उतरू लागते, नाकाने बऱ्यापैकी श्वास घेता येतो, तरीही जेवण अळणी लागते. कारण श्वासाची बहुतेक हवा नाकाच्या खालच्या, रुंद वाटेने निघून जाते. ती वाट मोकळी झाली म्हणजे वरची अरुंद फट मोकळी झालीच असे नाही.

मग सर्दीत आले-मिरे घातलेला काढा किंवा झणझणीत सार बरे का वाटते? चेहरा, नाक आणि तोंड यांतील स्पर्श, उष्णता व दाह यांच्या जाणिवा मेंदूकडे नेणारी चेता वेगळी आहे. तिला नाकाच्या माथ्यावरच्या फटीची गरज नसते. म्हणून वास गेला तरी तिखट आणि गरमपणा शाबूत राहतात आणि बेचव जेवणात तेवढीच जान येते. पुदिन्याच्या सत्त्वाच्या गोळीने नाक उघडल्यासारखे वाटते, त्यामागेही हीच चेता आहे. तिला गारव्याची जाणीव होते आणि आपल्याला भरपूर हवा येत असल्यासारखे वाटते. वाट प्रत्यक्षात रुंद झालेली नसते.

दोष जिभेवर का येतो?

वास नाकात ओळखला जातो, तर मग तो तोंडात असल्यासारखा का वाटतो? घास जिभेला लागतो, दात तो चावतात, त्याची ऊब आणि मऊपणा तोंडात कळतो, गोड-खारटही तिथेच कळते. त्याच वेळी मागच्या वाटेने वास येतो. एकाच वेळी आलेल्या या साऱ्या खबरा मेंदू एकत्र बांधतो आणि त्या गाठोड्यावर 'तोंड' असा एकच पत्ता लिहितो. म्हणून नाकाची खबर येईनाशी झाली की आपल्याला जीभच बिघडल्यासारखी वाटते. आपल्या भाषेतही तसेच झाले आहे: "नाकाला चव नाही" असे कुणी म्हणत नाही.

या समजुतीचा एक तोटा असा, की जेवण बेचव लागले की माणूस वरून मीठ घेतो. पण मिठाची खबर तर आधीच पोहोचत होती. न पोहोचणारी खबर वासाची आहे. रक्तदाब असलेल्या घरच्या मोठ्या माणसाने सर्दीत वाढीव मीठ घेऊ नये, हे आता तुम्ही त्यांना कारणासह सांगू शकाल. वास येत नसताना नासलेले दूध आणि विटलेली भाजीही कळत नाही. ती दुसऱ्या कुणाकडून हुंगवून घ्यावी.

शेवटी या स्पष्टीकरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वास जाण्याचे कारण दर वेळी अडलेली वाट हेच नसते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत अनेकांचे नाक अगदी मोकळे असूनही वास गेला. तेथे वाट उघडी होती. पण वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना विषाणूने इजा केली होती. इतर काही विषाणूही नाकाच्या या भागाला इजा करतात. तेथील पेशी पुन्हा तयार होऊ शकतात. पण त्याला आठवडे किंवा महिने लागू शकतात. म्हणून नाक मोकळे होऊनही दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि मीठ-साखरही कळेनाशी झाली, तर बिघाड केवळ नाकाच्या वाटेचा नाही हे ओळखावे.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. वेलदोड्याच्या चाचणीत घास गिळून झाल्यावर, तोंड पूर्ण रिकामे असताना नाक सोडले तरी वेलदोड्याची 'चव' येईल का? आधी वहीत उत्तर आणि त्याचे कारण लिहा. मग चिमटी धरा आणि करून पाहा.